ध्रुवपदानं गिळलेलं गाणं

आमच्या कॉलेजच्या होस्टेलवर एक कॅसेट होती, इतक्या वेळा वाजलेली की तिच्या फितीला घडी पडली होती. ब्रूस स्प्रिंगस्टीनचं ‘बॉर्न इन द यू.एस.ए.’. पहिलं गाणं लागलं की खोल्याखोल्यांतून पोरं यायची, मुठी वर करायची आणि शीर्षकाचे चार शब्द छत उडेल अशा आवाजात ओरडायची. मधल्या ओळी कुणालाच कळत नसत. तो घसा ताणून गातो, उच्चार अमेरिकन, आम्ही मराठी माध्यमातले. मध्ये काहीतरी पुटपुटायचं आणि ध्रुवपद आलं की पुन्हा तुटून पडायचं. अमेरिकेची एवढी तारीफ करणारा हा माणूस नक्की कोण, असा प्रश्नही आम्हाला पडला नाही.

ज्यांची मातृभाषा इंग्रजी होती, तेही याच गाण्यात फसले हे पुष्कळ उशिरा कळलं, तेव्हा जरा बरं वाटलं.

गाण्यात आहे काय? एका मरगळलेल्या गावात जन्मलेला एक माणूस बोलतो आहे. पाय जमिनीला लागल्यापासून त्यानं लाथाच खाल्ल्या आहेत. गावात काहीतरी भानगड होते आणि त्याच्या हातात बंदूक देऊन त्याला व्हिएतनामला धाडलं जातं. परत येतो तर तेलशुद्धीकरण कारखान्यात नोकरी नाही, आणि माजी सैनिकांच्या सरकारी खात्यातला माणूसही हात वर करतो. शेवटी तो तुरुंगाच्या सावलीत आणि कारखान्याच्या ज्वाळांच्या उजेडात उभा आहे, दहा वर्षं वणवण करून झालेली आणि जायला जागा नाही. यात झेंडा फडकवण्यासारखं काय आहे?

तरी सप्टेंबर १९८४ मध्ये, निवडणुकीच्या ऐन धामधुमीत, जॉर्ज विल या उजव्या विचारांच्या नावाजलेल्या स्तंभलेखकानं त्याचं कौतुक करणारा लेख लिहिला. काही दिवसांनी, १९ सप्टेंबरला, राष्ट्राध्यक्ष रेगन न्यू जर्सीतल्या हॅमंटन गावी प्रचाराला गेले आणि न्यू जर्सीच्याच या गायकाच्या गाण्यांत आशेचा संदेश आहे असं बोलून आले. (रेगन यांनी हे गाणं प्रचारगीत केलं, असं अनेकदा सांगितलं जातं. त्यांनी भाषणात फक्त गायकाचं नाव घेतलं होतं.)

आता या विलसाहेबांचं पाहा. ते कडवी न ऐकता निघून गेले होते, असं म्हणायची सोय नाही. बंद पडलेले कारखाने आणि इतर अडचणी या गाण्यांत येतात, हे त्यांनी स्वतःच नोंदवलं आहे. पण त्या रडगाण्याला दर वेळी एक भव्य, आनंदी होकार छेद देतो, असं त्यांना वाटलं. म्हणजे शब्द कानावर पडले होते, चूक झाली ती तोलण्यात. कडवं आणि ध्रुवपद यांपैकी कोण कुणाबद्दल बोलतंय, हे त्यांनी उलटं धरलं. ‘अडचणी आहेत, तरीही मी इथला’ असं त्यांनी ऐकलं. लिहिणाऱ्याचा रोख होता, ‘मी इथलाच, आणि तरी माझी ही गत’.

त्यांनी उलटं का धरलं, याचं उत्तर शब्दांत शोधून सापडत नाही, ते वाजवण्यात आहे. गाणं सुरू होतं ते रॉय बिटनच्या सिंथेसायझरवरच्या एका तुतारीसारख्या धुनेनं आणि मॅक्स वाइनबर्गच्या ड्रमच्या तोफेसारख्या ठोक्यानं. ती धून थांबतच नाही. कडव्याखाली तीच, ध्रुवपदाखालीही तीच. एरवी गीतकार दुःखाच्या ओळी आल्या की स्वर उतरवतो, चाल बदलतो, ऐकणाऱ्याला खूण देतो. इथे तशी खूण नाही. त्यामुळे अंगाला कळतं ते एवढंच, की मिरवणूक चालली आहे.

दुसरं कारण साधं आहे. कडवी एकेकदाच येतात, ध्रुवपद परत परत येतं. कीर्तनात टाळकरी ध्रुवपद उचलतात आणि कथा बुवा सांगतात, तसंच हे. पण तिथे बुवा थांबून, समजावून, पुन्हा सांगतात. स्टेडियममध्ये पन्नास हजार माणसं टाळकरी होतात आणि बुवांचा आवाज त्यांच्यात बुडतो. जे ओरडून म्हणता येतं तेच गाणं, असा तिथला न्याय. त्यात कॅसेटच्या वेष्टनावर ॲनी लिबोविट्झनं काढलेला फोटो: मागे झेंड्याचे पट्टे, पुढे पाठमोरा जीन्सवाला. गाणं सुरू होण्याआधीच अर्थ हातात दिलेला.

मला वाटतं, यात थोडा दोष कर्त्याचाही आहे. त्यानं विष साखरेत घोळलं, आणि मग लोकांना साखर गोड लागली म्हणून तक्रार करता येत नाही. त्यालाही हे कळत असावं. २०१६च्या आत्मचरित्रात तो या गाण्याला आपल्या सगळ्यात मोठ्या आणि सगळ्यात चुकीच्या समजल्या गेलेल्या गाण्यांत धरतो, पण ध्रुवपदातला जन्मभूमीचा अभिमान नाकारत नाही. टीका करायचा हक्क आणि अभिमान, दोन्ही एकाच दमात मागायचे होते, असं त्याचं म्हणणं. म्हणजे विलना जो अभिमान ऐकू आला तो खोटा नव्हता, अर्धा होता.

लक्ष देऊन ऐकणाऱ्यासाठी गाण्यात एक जागा मात्र सोडलेली आहे. भावाचा उल्लेख येतो तिथे. भाऊ खे सान्हच्या लढाईत होता. शत्रू अजून तिथे आहे, भाऊ नाही. सायगावातल्या त्याच्या प्रेयसीच्या मिठीतला एक फोटो तेवढा उरला आहे. दर कडव्यानंतर हक्कानं येणारं ध्रुवपद इथे येत नाही. सगळं स्टेडियम मूठ वर करून उभं आणि ओरडायला काही नाही. कॅसेट लावून बघा, त्या ठिकाणी हात आपोआप अर्ध्यावर थांबतो. आमचेही थांबायचे. आम्हाला वाटायचं, फीत अडकली.

रेगन यांच्या भाषणानंतर दोन दिवसांनी पिट्सबर्गच्या मंचावर स्प्रिंगस्टीन म्हणाला, की राष्ट्राध्यक्षांचा आवडता अल्बम कोणता असेल असा मी विचार करतोय, ‘नेब्रास्का’ तर नसावा. आणि त्यानं त्याच अल्बममधलं ‘जॉनी ९९’ सुरू केलं: मोटारीचा कारखाना बंद पडल्यावर हातात पिस्तूल घेणाऱ्या आणि ९९ वर्षांची शिक्षा भोगणाऱ्या कामगाराचं. पण ज्या गाण्यावरून गोंधळ झाला ते तसंच राहिलं. नव्वदच्या दशकात एकट्यानं दौरे करताना त्यानं ते बदललं. सिंथेसायझर नाही, ड्रम नाही, एक गिटार आणि दबलेला आवाज. मुठी वर करायला जागाच उरली नाही.

तसलंच एक रूप १९९८च्या ‘ट्रॅक्स’ या संग्रहात आलं. होस्टेलच्या जुन्या मित्राला मी ते ऐकवलं, काही न सांगता. शीर्षकाचे शब्द आले तेव्हा त्यानं चमकून पाहिलं. आवाज भुतासारखा, जणू रिकाम्या खोलीत कुणीतरी स्वतःशीच बोलतंय. शेवटपर्यंत तो गप्प होता.

“पस्तावून पुन्हा गायला का रे?” त्यानं विचारलं.

मी सांगितलं, हे १९८२ सालच्या सुरुवातीचं. न्यू जर्सीतल्या घरी, चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर त्यानं एकट्यानं केलेलं. आपण ओरडायचो ते नंतरचं.