मुहूर्त पंचवीस मिनिटं अलीकडे आला, पाहुण्यांना कसं कळवायचं?

पत्रिका छापून झाल्या, पहिली देवापुढे ठेवून झाली, निम्म्याअधिक वाटूनही झाल्या, आणि मग मुलीकडच्या गुरुजींचा फोन येतो : "पत्रिकेतली वेळ मुंबईची आहे. कार्य नागपूरला आहे ना?" दोन्ही घरांत क्षणभर शांतता पसरते. तारीख तीच आहे, कार्यालय तेच आहे, जेवणाचा बेतही ठरलेला आहे. बदलली आहेत ती फक्त पंचवीस मिनिटं.

ही पंचवीस मिनिटं येतात कुठून, हे आधी समजून घेतलं पाहिजे, कारण पाहुणे तेच विचारतात. पंचांगात विवाहाचे दिवस दिलेले असतात, पण त्या दिवसातली नेमकी वेळ गुरुजी लग्नराशीवरून काढतात. पूर्व क्षितिजावर त्या क्षणी उगवत असलेली रास म्हणजे लग्न. चोवीस तासांत बाराही राशी उगवतात, म्हणजे एका राशीला साधारण दोन तास मिळतात. त्या राशीचे पुन्हा नऊ भाग करतात आणि त्यांतला एक शुभ नवमांश निवडतात. त्याची लांबी सरासरी तेरा मिनिटं. पत्रिकेवर "१२ वाजून ३७ मिनिटांनी" अशी चमत्कारिक वाटणारी वेळ छापली जाते ती यामुळे.

आता रास उगवते ती त्या त्या गावाच्या क्षितिजावर. पूर्वेकडच्या गावी ती आधी उगवते, आणि रेखांशाच्या एका अंशामागे चार मिनिटांचा फरक पडतो. मुंबई आणि नागपूर यांच्यात सव्वासहा अंशांचं अंतर आहे, म्हणून मुंबईला १२.३७ला येणारा नवमांश नागपूरला सुमारे १२.१२लाच येतो. तेरा मिनिटांचा नवमांश १२.३७पर्यंत थांबत नाही. परंपरा मानणाऱ्या घराला तो चुकलेला मुहूर्त वाटतो, आणि म्हणूनच गुरुजी वेळ दुरुस्त करायला सांगतात.

पूर्वी हा घोळ होत नसे. लग्नघरी पाण्यानं भरलेल्या भांड्यात तळाला भोक असलेली छोटी वाटी, घटिकापात्र, तरंगत ठेवत. ती भरून बुडाली की एक घटिका झाली, म्हणजे चोवीस मिनिटं. मोजणी त्या गावच्या सूर्योदयापासून चाले, त्यामुळे वेळ आपोआप त्याच गावची असे. देशभर एकच प्रमाणवेळ १९०६ साली आली. मुंबईत तर त्यानंतरही अनेक वर्षं तिच्यामागे ३९ मिनिटं चालणारी स्वतःची वेळ पाळली जात होती. जुन्या पत्रिकांवर वेळेपुढे 'स्टँ. टा.' अशी अक्षरं सापडतात. पाहुण्यानं कोणतं घड्याळ पाहायचं, हे तेव्हाही सांगावंच लागत होतं.

पंचवीस मिनिटं ऐकायला किरकोळ वाटतात, पण वेळ कोणत्या बाजूला सरकली यावर सगळं अवलंबून आहे. मुहूर्त उशिरा गेला तर लवकर आलेला पाहुणा सरबत घेत बसतो, चार ओळखीचे भेटतात, बिघडत काहीच नाही. मुहूर्त लवकर आला तर मात्र जुन्या वेळेवर विसंबलेला माणूस अंतरपाट दूर झाल्यावर पोहोचतो. मंगलाष्टकं संपलेली असतात, अक्षता पडलेल्या असतात. मुंबईहून रात्रभर प्रवास करून आलेल्या आत्याबाईंच्या हाती उरते ती फक्त पंगत. म्हणून वेळ अलीकडे आली असेल तर नुसत्या संदेशावर भागत नाही.

संदेशाच्या शब्दांतच पहिला सापळा असतो. "मुहूर्त थोडा पुढे घेतला आहे" या वाक्याचा अर्थ एक जण लवकर असा लावतो, दुसरा उशिरा असा. मराठीतला हा 'पुढे' दोन्हीकडे चालतो. त्यामुळे 'पुढे', 'मागे', 'अलीकडे' हे शब्द गाळून दोन्ही वेळा लिहाव्यात. संदेश असा चालेल : "सुधारित वेळ. विवाहमुहूर्त रविवारी दुपारी १२ वाजून १२ मिनिटांनी आहे. पत्रिकेत १२.३७ छापले आहे, कृपया ते धरू नये. दिवस आणि कार्यालय तेच. अक्षतांसाठी ११.३० पर्यंत यावे." शेवटचं वाक्य विसरू नये. मुहूर्ताची वेळ हीच पोहोचायची वेळ, असं धरून चालणारे पुष्कळ असतात.

व्हॉट्सॲपवर पत्रिकेचं नवं चित्र टाकलं की काम संपलं, असं यजमानांना वाटतं. पण जुनं चित्र तोवर दहा गटांत फिरलेलं असतं आणि ते परत बोलावता येत नाही. कुणीतरी ते लग्नाच्या आदल्या दिवशी "उद्याची आठवण" म्हणून पुन्हा टाकतं आणि गोंधळ नव्यानं सुरू होतो. नवं चित्र जुन्यासारखंच दिसत असेल तर फरक कुणाच्याच लक्षात येत नाही. त्यावर 'सुधारित वेळ' असं ठळक लिहावं आणि तोच मजकूर साध्या अक्षरांतही पाठवावा, कारण कित्येक ज्येष्ठ चित्र उघडतच नाहीत. न वाटलेल्या पत्रिकांवर वेळेच्या जागी छापील पट्टी चिकटवावी. पेनानं खोडलेली वेळ वाचणाऱ्याला शंकेत पाडते.

फोन मात्र चुकत नाहीत. चारशे पत्रिका गेल्या असतील तर एकट्या वधूपित्यानं चारशे फोन करणं अशक्यच. दोन्हीकडच्या काका, मावश्या, आत्या, शेजारी अशा वीस-पंचवीस जणांत घरं वाटून द्यावीत. एकेकाला पंधरा-वीस घरं येतात आणि दोन संध्याकाळींत काम उरकतं. फोनवर वेळ सांगून थांबू नये, समोरच्याला ती उलट म्हणायला लावावी. "हो हो, कळलं" म्हणणाऱ्याच्या डोक्यात अनेकदा जुनीच वेळ असते. ज्यांच्याशी स्वतः बोलणं झालं त्यांच्याच नावापुढे खूण करावी. निळ्या खुणा म्हणजे होकार नव्हे.

सर्वांत आधी फोन जायला हवा तो ज्यांच्यावाचून कार्य अडतं त्यांना. नवरीला बोहल्यावर घेऊन येणारा मामा उशिरा आला तर अंतरपाट धरून सगळे वाट पाहत बसतील. करवली, सनईवाले, छायाचित्रकार, वऱ्हाडाच्या बसचा चालक हेही याच यादीत येतात. आचाऱ्याला तर स्वतंत्र सांगावं लागतं, कारण पंगतही पंचवीस मिनिटं आधी बसते. मुंबईहून मुक्कामाला येणाऱ्यांची गाडी नागपूरला किती वाजता पोहोचते, हेही त्याच फोनवर विचारून घ्यावं.

परदेशातल्या मराठी लग्नांत हाच घोटाळा तासाचा होतो. अमेरिकेतल्या बहुतेक राज्यांत मार्चपासून नोव्हेंबरपर्यंत घड्याळं एक तास पुढे असतात. मुहूर्त काढताना तो तास धरला नाही, तर पत्रिकेतली वेळ पूर्ण तासानं चुकते. पुण्याहून पडद्यावर लग्न पाहणाऱ्या आजीलाही नवी वेळ भारतातल्या घड्याळाप्रमाणे सांगावी : न्यू जर्सीत जूनमध्ये सकाळी १०.३०चा मुहूर्त म्हणजे आपल्याकडे त्याच दिवशी रात्रीचे ८.

एवढं करूनही दोन-चार माणसं जुन्या वेळेला येतीलच. त्यांच्यासाठी कार्यालयाच्या दारात सुधारित वेळेचा फलक ११ वाजल्यापासून लावावा आणि घरचं एक जाणतं माणूस तिथं उभं करावं. उशीर झालेल्याला त्यानं आधी वधूवरांकडे न्यावं, पंगतीकडे नंतर. आणि ज्यांच्या पत्रिका अजून छापखान्यात जायच्या आहेत, त्यांनी मजकूर देण्यापूर्वी मुहूर्ताची वेळ कार्य ज्या गावी आहे तिथल्या गुरुजींना एकदा दाखवून घ्यावी.