पुरुषसूक्तातील चार वर्णांची ऋचा : काळाचा वाद कशाच्या आधारे चालतो?

ऋग्वेदात एक हजारांहून अधिक सूक्ते आहेत. मात्र ब्राह्मण, राजन्य, वैश्य आणि शूद्र या चौघांचा एकत्र उल्लेख त्यांपैकी एकाच सूक्ताच्या एकाच ऋचेत येतो. दहाव्या मंडलातील ९० वे सूक्त, म्हणजेच पुरुषसूक्त, आणि त्याची बारावी ऋचा हे ते स्थळ होय. चातुर्वर्ण्याला वेदाचा आधार आहे असे म्हणणारे याच ऋचेकडे बोट दाखवतात आणि तो आधार नाकारणारेही हिच्याचपाशी थांबतात. त्यामुळे ही ऋचा केव्हाची, हा प्रश्न केवळ भाषाशास्त्राचा राहिलेला नाही.

सूक्तात एकूण १६ ऋचा आहेत. विश्वाला व्यापून उरणारा पुरुष, देवांनी त्यालाच हवी कल्पून केलेला यज्ञ आणि त्या यज्ञातून झालेली सृष्टीची उत्पत्ती, असा त्याचा विषय आहे. अकराव्या ऋचेत प्रश्न येतो : पुरुषाची विभागणी केली तेव्हा त्याचे मुख, बाहू, मांड्या आणि पाय कशाला म्हटले गेले? बाराव्या ऋचेत त्याचे उत्तर आहे. ब्राह्मण हे त्याचे मुख होते, बाहूंचा राजन्य केला गेला, मांड्या म्हणजे वैश्य आणि पायांपासून शूद्र जन्मला. पहिल्या तिघांची अवयवांशी एकरूपता सांगितली आहे. ‘जन्मला’ हे क्रियापद फक्त चौथ्यासाठी आहे. त्याच वेळी चौदाव्या ऋचेत पृथ्वीही पायांपासूनच उत्पन्न झाल्याचे म्हटले आहे. ‘वर्ण’ हा शब्द मात्र संपूर्ण सूक्तात कुठेही नाही.

सूक्त उत्तरकालीन आहे, असे मानणाऱ्यांचा पहिला आधार शब्दांचा आहे. ‘राजन्य’, ‘वैश्य’ आणि ‘शूद्र’ हे तिन्ही शब्द ऋग्वेदात याखेरीज अन्यत्र आढळत नाहीत. चारही वर्णांची व्यवस्था ऋग्वेदाच्या आरंभापासून रुळलेली असती, तर इतक्या मोठ्या संहितेत तिचे आणखी उल्लेख यायला हवे होते, असा हा युक्तिवाद आहे. दुसरा आधार आशयाचा आहे. नवव्या ऋचेत ऋक्, साम आणि यजुस् यांची उत्पत्ती सांगितली आहे. म्हणजे रचनाकाराला यज्ञातील मंत्रांची ही त्रिविध विभागणी परिचित होती. १८५९ मध्ये माक्स म्युलर यांनी याच धर्तीवर सूक्ताला अर्वाचीन ठरवले. उन्हाळ्यासाठीचा ‘ग्रीष्म’ हा शब्दही ऋग्वेदात इतरत्र नाही, याकडे त्यांनी लक्ष वेधले होते.

हे मत तेव्हाही सर्वमान्य नव्हते. १८६० च्या दशकात पुण्यात संस्कृतचे अध्यापन करणारे जर्मन विद्वान मार्टिन हाउग यांनी त्याला हरकत घेतली. गूढ किंवा रूपकात्मक आशय हा उत्तरकाळाचा पुरावा ठरत नाही, तशी सूक्ते मंत्रांच्या प्रत्येक संग्रहात सापडतात, असे त्यांचे म्हणणे होते. शब्द एकदाच आला म्हणून तो नवा ठरत नाही, ही शंकाही रास्त आहे. विषय निराळा असला की शब्दही निराळे येतात. तथापि तीन सामाजिक संज्ञा एकाच ऋचेत प्रथम भेटाव्यात आणि पुढच्या वैदिक वाङ्मयात त्या सर्रास दिसाव्यात, याचे स्पष्टीकरण केवळ विषयभेदाने होत नाही.

येथे दोन वेगळे प्रश्न अनेकदा एकमेकांत मिसळले जातात. संपूर्ण सूक्त उशिराचे आहे काय, हा एक. आणि जुन्या सूक्तात चार वर्णांची ऋचा मागाहून घातली गेली काय, हा दुसरा. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘हू वेअर द शूद्राज?’ या ग्रंथात दोन्हींचा विचार केला. आरंभी वर्ण तीनच होते, हे दाखवण्यासाठी त्यांनी ब्राह्मणग्रंथांतील उत्पत्तिकथांचा आधार घेतला आणि अकरावी व बारावी ऋचा प्रक्षिप्त असल्याचे मत मांडले.

प्रक्षेपाची शक्यता तपासण्याचे एक साधन संहितेच्या रचनेतच आहे. ऋग्वेदाच्या संकलकांनी सूक्ते मनमानी क्रमाने लावलेली नाहीत. एका गटातील सूक्ते साधारणपणे ऋचांच्या उतरत्या संख्येने येतात. जर्मन अभ्यासक हेर्मान ओल्डेनबर्ग यांनी १८८८ मध्ये या नियमाची सविस्तर छाननी केली. दहाव्या मंडलातील ८८ व्या सूक्तात १९ ऋचा आहेत, ८९ व्यात १८, पुरुषसूक्तात १६ आणि त्यापुढच्या तीन सूक्तांत प्रत्येकी १५. म्हणजे १६ ऋचांचे पुरुषसूक्त आपल्या जागी चपखल बसते. अकरावी आणि बारावी ऋचा वगळल्या तर संख्या १४ होते आणि १५ ऋचांच्या सूक्तांआधी त्याला जागा उरत नाही. याउलट शेवटची ऋचा वगळली तरी १५ उरतात आणि उतरता क्रम मोडत नाही. ही सोळावी ऋचा पहिल्या मंडलातील १६४ व्या सूक्तातही जशीच्या तशी आहे आणि तिचा छंदही उर्वरित सूक्ताहून वेगळा आहे.

या गणिताला मर्यादा आहेत. नियमाला अपवाद आहेत. जवळच्याच ८६ व्या सूक्तात २३ आणि ८७ व्यात २५ ऋचा आहेत. शिवाय हा क्रम फक्त संकलनाच्या वेळची स्थिती सांगतो, त्याआधी सूक्तात भर पडली होती की नाही हे सांगत नाही. तरीही संकलन पूर्ण झाल्यानंतर कोणी तरी ही ऋचा घुसडली, या कल्पनेला तो प्रतिकूल आहे. अथर्ववेदाचा पाठही येथे उपयोगी पडतो. तेथेही चार वर्णांची ऋचा आहे. मात्र वैश्यासाठी मांड्यांऐवजी शरीराचा मध्यभाग येतो. ऋचा परंपरेत रुजली होती, पण तिचे शब्द सर्व शाखांत एकसारखे नव्हते, इतके यावरून दिसते.

हस्तलिखितांची या वादात फारशी मदत होत नाही. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरातील ३० ऋग्वेद हस्तलिखितांची युनेस्कोने २००७ मध्ये जागतिक स्मृती नोंदवहीत नोंद केली. त्यांतील सर्वांत जुने १४६४ मधील आहे, तर संहिता त्याच्या दोन हजारांहून अधिक वर्षे आधी मौखिक परंपरेत स्थिर झाली होती. म्हणूनच काळाचा निर्णय भाषा, छंद आणि मांडणी यांवरूनच करावा लागतो आणि तो सापेक्ष असतो. आजचे बहुसंख्य अभ्यासक ऋग्वेदाचा काळ ढोबळमानाने इसवी सनपूर्व १५०० ते १००० मानतात आणि पुरुषसूक्ताला त्याच्या शेवटच्या टप्प्यात ठेवतात. लोकमान्य टिळकांनी ‘ओरायन’मध्ये नक्षत्रांच्या आधारे वैदिक काळ इसवी सनपूर्व ४००० पर्यंत मागे नेला होता. पण संपूर्ण ऋग्वेद मागे नेला तरी सूक्तांचा परस्परक्रम बदलत नाही. तेव्हाही पुरुषसूक्त उशिराच्या थरातच राहते. वेद अपौरुषेय मानणाऱ्या परंपरेत तर ‘आधीचे’ आणि ‘नंतरचे’ हा भेदच उद्भवत नाही.

उत्तरकालीन ठरल्याने ऋचेचा प्रभाव मात्र कमी होत नाही. मनुस्मृतीच्या पहिल्याच अध्यायात मुख, बाहू, मांड्या आणि पाय यांपासून चार वर्णांची उत्पत्ती सांगितली आहे आणि पुढे त्याच ग्रंथात प्रत्येकाची कर्मे ठरवून दिली आहेत. काळाची चर्चा एवढेच दाखवते की ही मांडणी ऋग्वेदाच्या आरंभी नाही, अखेरीस दिसते. तीत दिसणारे चित्र तेव्हाच्या समाजाचे होते की कोणाला हव्या असलेल्या समाजाचे, हे एका ऋचेवरून ठरवता येत नाही.