लग्नाच्या वाढदिवसाची चिठ्ठी

लग्नाला तीस-पस्तीस वर्षं झाली की वाढदिवसाच्या चिठ्ठीत ‘जन्मोजन्मीची साथ’ आपसूक येऊन बसते. ती ओळ शेजारच्या जोडप्यालाही तशीच चालेल, म्हणून खोडावी. एखाद्या नवऱ्याने लिहिलं, ‘तू घरासाठी फार खस्ता खाल्ल्यास.’ खरं असेल, पण निरोप समारंभातल्या भाषणासारखं वाटतं. त्याऐवजी हे पाहा:

‘आई दवाखान्यात होती, तेव्हा तू रात्रभर तिच्याजवळ बसायचीस आणि सकाळी सातच्या बसने शाळेत शिकवायला जायचीस. तेव्हा मी काही बोललो नाही, पण बघत होतो. अजूनही तू चहात साखर घालायला विसरतेस आणि मी तो तसाच पितो. संध्याकाळी लवकर ये, मिसळ खायला जाऊ.’

एक प्रसंग, एक रोजची सवय, एक बोलावणं, बस्स. साखरेच्या वाक्याने आधीचा जडपणा उतरतो. थट्टा मात्र तिलाही हसू येईल अशीच हवी. वजन, माहेर आणि जुनी भांडणं त्यात नकोत. ‘काही बोललो नाही’ एवढं पुरे. पुढे माफीच मागत बसलं, तर वाढदिवसाला तिलाच त्याची समजूत काढावी लागते.

चिठ्ठी हाताने लिहिलेली बरी. फोनवरच पाठवायची, तर फक्त तिला. कुटुंबाच्या ग्रुपवर टाकली की अंगठे आणि पुष्पगुच्छ येतात, आणि तिच्याआधी मामेसासरे उत्तर देतात.