खोलीतल्या प्रत्येक खणाला पत्ता हवा

घरून कुर्ती विकणाऱ्यांची मांडणी बहुतेक वेळा सारखीच असते. एका फळीवर एक डिझाइन आणि त्याचे एम, एल, एक्सेलचे गठ्ठे शेजारी शेजारी. दिसायला नीटनेटकी, पण चुकीच्या मापाचं पार्सल इथूनच निघतं, कारण घाईत हात शेजारच्या गठ्ठ्यावर पडतो आणि रंग जुळला की डोळा माप पाहत नाही.

गोदामात आधी जागेला पत्ता देतात, मग त्या पत्त्यावर माल ठेवतात. दहा बाय दहाच्या खोलीत समोरासमोरच्या दोन भिंतींना तीन फूट रुंदीच्या तीन-तीन लोखंडी रॅक बसतात. प्रत्येकीला पाच फळ्या आणि फळीवर तीन क्रेट धरले, तर 90 पत्ते होतात. ‘ब-3-2’ म्हणजे ब रॅक, तिसरी फळी, दुसरा क्रेट. लेबल क्रेटवर न लावता फळीच्या कडेला लावा, क्रेट हलला तरी पत्ता हलत नाही. एका क्रेटमध्ये एकच डिझाइन, एकच माप. निळ्या कुर्तीचं एम ‘ब-3-2’ला असेल, तर एल दुसऱ्या रॅकवर ठेवा. रोज खपणारा माल कमरेपासून खांद्यापर्यंतच्या फळ्यांवर हवा. पावसाळ्यात रॅक भिंतीपासून चार बोटं पुढे ओढून घ्या, ओल कपड्याला लागत नाही.

आता रोजचं काम. सकाळी आलेल्या वीस ऑर्डरींची एकच यादी पत्त्याच्या क्रमाने काढा आणि अ पासून फ पर्यंत एकाच फेरीत माल टोपलीत घ्या. टेबलावर मात्र एका वेळी एकच ऑर्डर: कुर्तीच्या टॅगवरचं माप बिलाशी ताडून पाहा, पिशवी बंद करा, पत्त्याचं लेबल लगेच चिकटवा. सगळ्या पिशव्या आधी बंद करून लेबलं शेवटी लावणं टाळाच, तिथे अदलाबदल हमखास होते. शेवटी टोपलीत काही उरलं किंवा कमी पडलं, तर कुरिअरवाला यायच्या आत पिशव्या तपासा.

मापाची चूक मात्र टोपलीच्या मोजणीत सापडत नाही, कारण नग बरोबर भरतात. त्यासाठी दर आठवड्याला एक रॅक मोजा. वहीत एम 7 आणि एल 9 असताना प्रत्यक्षात दोन्ही 8 निघाले, तर एमच्या ऑर्डरीत एल गेलेला आहे. एकीकडे एक जास्त, दुसरीकडे एक कमी, अशी जोडी जुळली की हरवलं काहीच नाही, उचलताना चूक झाली आहे. फक्त कमीच निघालं, तर नोंद राहिलेली विक्री किंवा परत आलेला माल शोधा. परतीच्या मालाला वेगळा क्रेट ठेवा आणि डाग, टॅग, माप पाहिल्याशिवाय त्यातलं काहीही रॅकवर चढवू नका.

माल पन्नास नगांचाच असेल, तर एवढा व्याप नको, एक कपाट पुरतं. दोन जण माल काढू लागले की मात्र फळ्यांवर पत्ते त्याच दिवशी लावा. एकाच्या डोक्यात असलेली जागा दुसऱ्याला सापडत नाही.