पीडीएफचं ईपब करताना

सहा इंचांच्या ई-रीडरवर पुस्तकाची पीडीएफ उघडली की अक्षरं मुंगीएवढी दिसतात. मोठी करावीत तर ओळ पडद्याबाहेर जाते आणि प्रत्येक ओळीसाठी पान डावी-उजवीकडे सरकवावं लागतं. ईपबमध्ये हा त्रास होत नाही. अक्षर वाढवलं की ओळी आपोआप नव्याने मांडल्या जातात. मग पीडीएफ ‘कन्व्हर्ट’ करायला टाकावी, तर पुष्कळदा हाती येतं ते वाचण्याच्या लायकीचं नसतं. दोष दरवेळी सॉफ्टवेअरचाच असतो असं नाही.

पीडीएफ जन्माला आली ती छापील पान जसंच्या तसं राहावं यासाठी. तिच्यात नोंद असते ती अमुक चिन्ह पानावर अमुक जागी काढा, एवढीच. परिच्छेद कुठे संपला, वरची ठळक ओळ प्रकरणाचं नाव आहे की दर पानावर छापलेलं पुस्तकाचं नाव, हे बहुतेक पीडीएफना ठाऊकच नसतं. ईपब म्हणजे वेबपानांचा एक गठ्ठा. त्यात परिच्छेदाला परिच्छेद आणि शीर्षकाला शीर्षक अशी खूण असते, म्हणूनच मजकूर पडद्याच्या मापाने वाहतो. रूपांतर करणाऱ्याला या नसलेल्या खुणा अंदाजाने लावायच्या असतात.

मराठीत त्याआधी आणखी एक प्रश्न असतो: पीडीएफमध्ये मजकूर आहे तरी का? हे तपासायला एक ओळ निवडा, कॉपी करा आणि नोटपॅडमध्ये चिकटवा. ओळ निवडलीच गेली नाही, तर पानं स्कॅन केलेली आहेत, म्हणजे ती नुसती चित्रं आहेत. रोमन अक्षरांची खिचडी उमटली, तर पुस्तक युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये जुळवलेलं आहे. अशा फॉन्टमध्ये रोमन अक्षरांच्या जागी देवनागरी चिन्हं बसवलेली असतात. डोळ्यांना ‘क’ दिसतो, संगणकाला भलतंच. तिसरा प्रकार फसवा आहे. मराठी उमटतं, पण ‘विहीर’ची ‘िवहीर’ होते आणि रफार शेजारच्या अक्षरावर जाऊन बसतो. ऱ्हस्व वेलांटी उच्चारात व्यंजनानंतर येते, पण कागदावर त्याच्या आधी काढली जाते, आणि पीडीएफने कागदावरचा क्रम जपलेला असतो. या तिन्ही प्रकारांत थेट रूपांतराचा उपयोग नाही. पानाचं चित्र वाचून त्यातून मजकूर काढणं, म्हणजे ओसीआर, हाच बहुधा सोपा मार्ग. कॉपी केलेली ओळ अगदी शुद्ध उमटली, तरच ही पायरी गाळता येते.

‘श्यामची आई’च्या जुन्या आवृत्तीचा स्कॅन उदाहरणादाखल घेऊ. साने गुरुजींचं निधन 1950 सालचं. भारतात लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षांनी हक्क संपतो, म्हणून मूळ मजकूर आता सर्वांसाठी मोकळा आहे. नव्या आवृत्तीची प्रस्तावना किंवा चित्रं मात्र कुणाच्या तरी हक्काची असू शकतात.

ओसीआरसाठी टेसरॅक्ट हे मोफत इंजिन मराठी जाणतं. ते वापरून अख्खी पीडीएफ वाचणारी आज्ञा अशी:

```
ocrmypdf -l mar --deskew --sidecar shyam.txt shyam.pdf shyam-ocr.pdf
```

`mar` म्हणजे मराठी. `--deskew` तिरकी स्कॅन झालेली पानं सरळ करतं, आणि `--sidecar` वाचलेला मजकूर वेगळ्या फाइलमध्ये ठेवतं. आपल्याला हवी आहे ती हीच `shyam.txt`. स्कॅन 300 डीपीआयच्या आसपास असेल तर निकाल बरा येतो. फॉन्टची खिचडी असलेल्या पीडीएफमध्ये आधीच ‘मजकूर’ असतो, त्यामुळे ही आज्ञा काम नाकारते. तिथे `--force-ocr` जोडावं.

आता साफसफाई, आणि इथे क्रम चुकवून चालत नाही. आधी दर पानाच्या माथ्यावरचं पुस्तकाचं नाव आणि पानाचा आकडा काढायचा. तो राहिला, तर पुढे ओळी जोडताना वाक्याच्या मधोमध ‘श्यामची आई ४५’ शिरतं. मग प्रकरणांच्या नावांवर खूण करायची. या पुस्तकातली प्रकरणं ‘रात्र पहिली’, ‘रात्र दुसरी’ अशी आहेत. त्या ओळींपुढे `## ` लिहायचं. ‘रात्र’ने सुरू होणाऱ्या सगळ्या ओळींना एका दमात खूण करू नये; ‘रात्र झाली’ असं साधं वाक्यही शीर्षक होऊन बसेल. प्रकरणं 42, म्हणजे शोधून एकेक तपासणं काही अवघड नाही.

ओळी जोडणं शेवटी. छापील ओळ जिथे संपते तिथे टेसरॅक्टही ओळ तोडतं. या तुटक्या ओळी तशाच राहिल्या, तर ई-रीडरवर अर्ध्या-अर्ध्या ओळींचा जिना दिसतो. नियम सोपा ठेवावा: ओळीच्या शेवटी पूर्णविराम, प्रश्नचिन्ह, उद्गारचिन्ह किंवा अवतरणचिन्ह नसेल, तर ती पुढच्या ओळीला जोडायची. `##` असलेल्या ओळींना हात लावायचा नाही, कारण शीर्षकाला पूर्णविराम नसतो आणि ते परिच्छेदात विरघळून जातं. योगायोगाने ओळीच्या टोकाशी वाक्य संपलं असेल, तर तिथे परिच्छेद खोटाच तुटतो. असे तुकडे नजरेनेच पकडावे लागतात. उलट, श्लोक आणि ओव्या जोडल्या जाऊन गद्य होतात, म्हणून त्या आधीच बाजूला काढाव्यात. शेवटी प्रत्येक परिच्छेदानंतर एक ओळ रिकामी सोडायची.

अक्षरांच्या चुका राहतातच. जुन्या छपाईत घ आणि ध, भ आणि म, ब आणि व यांची अदलाबदल होते. ‘वाप’ शुद्धलेखन तपासनीस पकडेल. पण ‘घर’चं ‘धर’ किंवा ‘भात’चं ‘मात’ झालं, तर तोही अर्थ असलेलाच शब्द, त्यामुळे यंत्र गप्प बसतं. मूळ पान शेजारी ठेवून एकदा पूर्ण वाचन करण्याला पर्याय नाही. सगळ्यात जास्त वेळ याच कामाला लागतो.

मग कोविद गोयल यांच्या कॅलिबर या मोफत सॉफ्टवेअरकडे वळायचं:

```
ebook-convert shyam.txt shyam.epub --formatting-type markdown --language mr --chapter "//h:h2" --level1-toc "//h:h2" --embed-font-family "Noto Serif Devanagari"
```

यातला `--chapter` महत्त्वाचा. कॅलिबर आपणहून प्रकरणं ओळखतं, पण त्यासाठी शीर्षकात `chapter`, `part` असे इंग्रजी शब्द शोधतं. ‘रात्र’ त्याच्या यादीत नाही. `##` लावलेली ओळ ईपबमध्ये `h2` होते आणि तीच प्रकरणाची सुरुवात आहे, हे आपण त्याला सांगतो. शेवटचा भाग फॉन्ट पुस्तकातच बसवतो, म्हणजे रीडरमध्ये देवनागरी नसली तरी चौकोन दिसत नाहीत. हा फॉन्ट आधी संगणकावर असायला हवा.

तयार ईपब वाचायला घेण्याआधी तीन ठिकाणी पाहावं. अनुक्रमणिकेत 42 रात्री आहेत का? अक्षर सगळ्यात मोठं केल्यावर कुठे ओळ मध्येच तुटते का? आणि मूळ पुस्तकात जिथे पान बदलतं, तिथलं वाक्य सलग आहे का? या तिन्ही गोष्टी ठीक असतील, तर उरतात त्या बहुधा फक्त अक्षरांच्या चुका.

हे सगळं सलग गद्याला जमतं. गणिताचं पुस्तक, कोष्टकं, दोन स्तंभांचं मासिक किंवा पानभर आकृत्या असतील, तर तिथे मांडणी हाच अर्थाचा भाग असतो आणि ओळी मोकळ्या केल्या की तो हरवतो. अशा पीडीएफसाठी मोठ्या पडद्याचा टॅबलेट बरा. नाहीतर `k2pdfopt` हे साधन आहे. ते अक्षरं न ओळखता पानाच्या चित्राचेच तुकडे करून लहान पडद्यावर नव्याने मांडतं. त्यात शोध घेता येणार नाही आणि फॉन्ट बदलणार नाही, पण ‘घर’ ‘घर’च राहील.