कोपरातली फट

तुकड्यांनी जोडलेलं पात्र हात हलवू लागलं, की नवख्याला पहिला धक्का कोपरात बसतो: सांध्यात फट दिसते. तिचा उपाय चित्र काढतानाच करावा लागतो. इंकस्केपमध्ये दंड आणि पुढचा हात वेगळे काढा. दोघांची कोपराकडची टोकं सारख्याच व्यासाची गोल ठेवा आणि ती एकमेकांवर नेमकी बसवा. बाह्यरेषा टाळा, हात वाकला की ती सांध्यावर आडवी येते.

मग सिनफिगमध्ये पुढच्या हाताचा फिरण्याचा बिंदू त्या गोलाच्या केंद्रावर आणा. बिंदू जरासा सरकला तरी कोपर निखळल्यासारखं दिसतं. पुढचा हात दंडाच्याच गटात ठेवलात, तर खांद्यातून दंड फिरवताना तोही सोबत जाईल.

सेकंदाला 24 चौकटी धरून दंड 12 व्या चौकटीत वर थांबवा, पुढचा हात 15 व्या. एवढ्या उशिरानेच हालचालीतला ताठरपणा जातो.