गिलाव्यात दगडी भुकटी: मागणीचे गणित

वडोदऱ्यातील बांधकामांवर ओरसंग नदीची रेती वापरली जाते. तिचा काही भाग क्रशरच्या भुकटीने बदलल्यास मागणीचे मापही बदलते. समजा, गिलाव्यास १.५ घनमीटर कोरडी रेती लागते आणि ३० टक्के भुकटी घ्यायची आहे. मग रेती १.०५ आणि भुकटी ०.४५ घनमीटर हवी.

ओली रेती मात्र फुगलेली असते. बरणीतील सहा इंच रेती पाण्यात बुडवून ढवळल्यावर पाच इंचांवर बसली, तर फुगवटा २० टक्के, म्हणून १.२६ घनमीटर मागवावी. कोरड्या भुकटीचा पाचवा भाग चाळणीवर उरत असल्यास ०.४५ ला ०.८ ने भागून ०.५६ घनमीटर मागवावी.

भुकटीत पिठासारखा अंश जास्त असल्यास पाणी अधिक लागते आणि वाळताना बारीक भेगा पडतात. यासाठी आधी भिंतीच्या लहान भागावर गिलावा करून पाहावा.